चार सीटची गाडी

मी अहेरी-सिरोंचा रस्त्यावर काळी-पिवळी, म्हणजे सवारीची जीप, चालवतो. त्यामुळे गाडीत कसं बसायचं हे मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं तापतं. माझं डोकं तसंही लवकर तापतं, हे माझी बायको रीना तुम्हाला सांगेल. पण या बाबतीत ते तापायला कारण आहे. माझ्या गाडीत बसून माणसं दवाखान्यात गेली, सासरी गेली, आठवडी बाजाराला तर दर आठवड्याला जातात. आजवर मी कोणाला रस्त्यात टाकून आलो असं एकही माणूस म्हणणार नाही.

आमच्याकडे गाडीचे नियम साधे आहेत. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. कोणाला घाई असेल तर तो सकाळीच फोन करतो, "सुनिलभाऊ, एक सीट राखून ठेवजा," आणि मी हो म्हणतो. हो म्हटलं की माझा गळ्यातला दुपट्टा त्या सीटवर पडतो. मग नंतर कोणी साहेब आला, दुप्पट देतो म्हणाला, तरी तो दुपट्टा हलत नाही. ड्रायव्हरनं शब्द दिला म्हणजे सीट मिळाली, इतका सरळ हिशेब. आणि दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत आम्ही बसलो तर पुढे त्याच्या बाजूला बसतो, कारण आम्ही स्टाफ. आम्हाला कोणी भाडं विचारत नाही, आम्हीही विचारत नाही.

हे सगळं मी चंद्रपूरला घेऊन गेलो. रीनाची वनरक्षकाची परीक्षा होती.

रीनाचं माहेर कमलापूरच्या आतल्या जंगलातलं. तिचे वडील कोलू यांनी आयुष्यभर वनखात्याच्या रोजंदारीवर वणवा अडवायच्या जाळरेषा कापल्या. खाकी घातलेली माणसं यायची, काम दाखवायची आणि जायची. ती खाकी आपल्या अंगावर यावी, असं रीनानं लहानपणीच ठरवलं होतं. लग्नाआधी एकदा तिनं फॉर्म भरला होता, तेव्हा पावसानं नाल्यावरचा रपटा बुडाला आणि ती पोहोचलीच नाही. आता वयाची अट आडवी येत होती. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय निघून जाणार होतं, म्हणजे ही शेवटची वेळ. तिनं चुलीपुढे, विहिरीवर, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवरसुद्धा बसून अभ्यास केला होता. ती नापास झाली असती तर मला वाईट वाटलं असतं. पण गेटच बंद झालं म्हणून ती परत आली असती, तर तिच्या बापाला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नसती.

स्टँडवरचे ड्रायव्हर मला चिडवायचे. बायको वर्दीत गेली का तू तिची जीप चालवशील, म्हणायचे. मी हसायचो. मनाला कुठेतरी टोचायचं, हेही खरं आहे. पण टोचलं म्हणून मी तिला कधी अडवलं नाही.

परीक्षा सकाळची होती आणि गेट नऊला बंद होणार होतं, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच एसटीनं चंद्रपूरला गेलो. मुक्काम ऊर्जानगरला, रीनाच्या मामेबहिणीकडे. साधना तिचं नाव. तिचा नवरा वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे क्वार्टर आहे. साधनानं पोटभर जेवू घातलं आणि मग आम्हाला रस्ता समजावून सांगायला बसली. इथून ऑटो बसस्टँडपर्यंत मिळतो. तिथून मूल रोडचा ऑटो बंगाली कॅम्पपर्यंत जातो. पण तुमचं कॉलेज तर शहर संपून झाडं लागतात तिथं आहे, तेवढं पुढं सीटवाला ऑटो जात नाही. तिथं स्पेशल, म्हणजे अख्खा ऑटो, तरी करा, नाहीतर बसस्टँडवरूनच अॅपवरून गाडी बोलवा. अलीकडे चंद्रपुरातही अॅपच्या गाड्या मिळतात, मोजक्या आहेत पण मिळतात. रीनाच्या फोनमध्ये तिनं ते अॅप टाकूनही दिलं.

"अन् एक ध्यानात ठेवजा भाऊजी," ती मला म्हणाली, "इथी मीटर कोणी टाकत नाई. बसायच्या आधी बोलून घ्याचं, सीट का स्पेशल."

मी म्हटलं, साधनाबाई, मी सीट विकूनच घर चालवतो. ती हसली. रीनाकडे मात्र तिनं एकदा पाहिलं, आणि रीनानं मान हलवली. बायकांचं हे मान हलवणं मला कधीच आवडलं नाही.

सकाळी आम्ही वेळेत निघालो. वीज केंद्राच्या गेटबाहेर कंपनीच्या बसा उभ्या होत्या, ड्युटीवाले चढत होते, मोटारसायकलींची रांग लागली होती. बाजूला एक रिकामा ऑटो होता. ड्रायव्हर वयानं माझ्यापेक्षा मोठा, त्याच्या खिशावर लाल धाग्यानं 'मुखरू' असं काढलेलं होतं. मी त्याला 'काय गा भाऊ, बसस्टँड' म्हटलं, रीनाला मागे बसवलं आणि आपल्या रीतीप्रमाणे त्याच्या बाजूला पुढे जाऊन बसलो. त्यानं किक मारली आणि ऑटो लगेच सुटला.

मला हसू आलं. मागे एकटी रीना, आणि हा बाबा गाडी घेऊन निघाला. असा धंदा केला तर याचं पोट भरायचं कसं, मला त्याची काळजी वाटायला लागली. दुर्गापूरला रस्त्याच्या कडेला दोघं उभे दिसले. मी बाहेर वाकून ओरडलो, "बसस्टँड, बसस्टँड, या लवकर." ते बसले. पुढे तुकूमला एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उभी होती, तिलाही मी हात धरून चढवलं. मुखरू माझ्याकडे बघून नुसता मिशीत हसायचा. मला वाटलं, माणूस खूश झाला.

बसस्टँड आलं. ते तिघं उतरले, त्यांनी मुखरूला आपापल्या सीटचे पैसे दिले आणि गेले. मी उतरलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मी पण स्टाफ, अहेरीचा. तो म्हणाला फार चांगलं, आणि पूर्ण ऑटोचं भाडं मागितलं. स्पेशलचं.

माझं डोकं जे फिरलं ते विचारू नका. मी म्हटलं तुझी गाडी मी भरून दिली. तो म्हणाला, मी सांगितलं होतं का भरायला? रिकाम्या ऑटोत माणूस काही न विचारता बसला आणि ऑटो निघाला, म्हणजे इथं तो स्पेशल झाला. ते सगळं चंद्रपूर जाणतं. मी आवाज चढवला. त्यानंही चढवला. बाजूचे दोन ऑटोवाले येऊन उभे राहिले, अर्थातच त्याच्या बाजूनं. आणि इकडे वेळ जात होता, हे मला त्या भरात सुचलंसुद्धा नाही.

रीनानं मला बाजूला केलं. ती मुखरूशी अगदी हळू बोलली.

"भाऊ, आमी इचारलं नाई, चूक आमची. पण तुमी तीन सीटचे पैसे आताच घेतले ना? मंग स्पेशल कुठी राह्यली? दोन सीटचे घ्या अन् मोकळे व्हा. माही परीक्षा आहे."

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या दोन ऑटोवाल्यांकडे पाहिलं. मग दोन सीटचे पैसे घेऊन खिशात टाकले. बेस्ट ऑफ लक बाई, असंही म्हणाला. माझ्या मनात अजून चार वाक्यं तयार होती, ती मी गिळली.

बसस्टँडच्या बाहेर पाहिलं तर आमच्याआधी अर्धा जिल्हा येऊन थांबलेला. गडचिरोली, मूल, सिंदेवाही, राजुरा, सगळीकडच्या गाड्यांमधून पोरंपोरी उतरत होती, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात हॉल तिकीट. ऑटोवाल्यांना पहिल्या अर्ध्या तासातच वारा कुठला ते कळलं होतं. मूल रोड म्हटलं की एकच उत्तर, सीट नाही, स्पेशल. आणि स्पेशलचा भाव माणूस पाहून. ज्याच्या तोंडावर जास्त घाम, त्याला जास्त.

रीना म्हणाली आपण अॅपवर गाडी बोलवू. तिनं फोन काढला, कॉलेजचं नाव टाकलं, भाडं दिसलं, तिनं दाबलं. थोडा वेळ स्क्रीनवर चाक फिरलं आणि एक गाडी मिळाली. गाडीचा नंबर आला, ड्रायव्हरचा फोटो आला, आणि चार आकड्यांचा ओटीपी. गाडी जवळच होती. रीनाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरलेला मला दिसला.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. कुठं जायचं, रोख का ऑनलाइन, असं त्यानं विचारलं. रीनानं सांगितलं. मग तो काहीतरी म्हणाला आणि रीनाच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती त्याला नाही, नाही म्हणत होती. मी तिच्या हातातून फोन घेतला. ड्रायव्हरशी ड्रायव्हरनंच बोललेलं बरं.

तो बिचारा रडकुंडीला आलेला होता, निदान आवाजावरून तरी. म्हणाला, भाऊ, कंपनी लई कमिशन कापते, हातात काही राहत नाही. तुम्ही अॅपवरची गाडी कॅन्सल करा, मी येतोच आहे, जे अॅपवर दिसते तेच मला रोख द्या. वरचा एक रुपया नको. मला त्याचं पटलं. आमच्याही स्टँडवर नंबर लावणारे, पावती फाडणारे असतात. गाडी चालवायची आपण आणि कापायचं दुसऱ्यानं, हे दुःख मी जाणतो. मी त्याला विचारलं, येशील ना पक्का? तो म्हणाला, शब्द देतो भाऊ, दोन मिनिटात. मी म्हटलं, मी पण ड्रायव्हरच आहो. तो म्हणाला, मंग तर आपलेच.

आणि मी कॅन्सल दाबलं. रीना हात पुढे करत होती, पण तोवर दाबून झालं होतं.

दोन मिनिटं झाली. मग आणखी झाली. आम्ही येणारी प्रत्येक पांढरी गाडी पाहत होतो, पण नंबर जुळत नव्हता; आणि थोड्या वेळानं लक्षात आलं, नंबर आता कुठं होता? गाडी कॅन्सल झाली तसा तो स्क्रीनवरून गेला. मी म्हटलं फोन लाव. रीनानं ज्या नंबरवरून फोन आला होता तो लावला, आणि पलीकडून एक बाई रेकॉर्डिंगमध्ये बोलायला लागली की या नंबरवर फोन लागू शकत नाही. तो ड्रायव्हरचा नंबर नव्हताच. अॅप मधल्या नंबरानं जोडून देतं, आणि गाडी गेली की तो धागाही तुटतो. आमच्याकडे प्रत्येक काळी-पिवळीच्या मागच्या काचेवर मालकाचा नंबर रंगवलेला असतो. इथं मी ज्याला आपला म्हटलं, त्याचं आडनावसुद्धा माझ्याजवळ नव्हतं. त्याला वाटेत जास्त पैशाची दुसरी सवारी मिळाली असणार, आणखी काय.

मी रीनाकडे पाहिलं. ती चिडली असती तर मला चाललं असतं, चिडण्यात मी तिला कधीही हरवू शकतो. पण ती चिडलेली नव्हती.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "मी तिथं पोहोचू नये, असं तर तुमाले वाटून नाई राह्यलं?"

मला गालात मारल्यासारखं झालं. मी म्हणणार होतो, येडी झाली का. पण स्टँडवर मी हसायचो ते मला आठवलं, आणि ते टोचायचं तेही आठवलं. मला खरंच तसं वाटत नव्हतं. पण तिनं विचारावं इतपत तरी मी तिला वाटू दिलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

उत्तरासाठी ती थांबलीही नाही. तिनं परत फोन उघडला. भाडं आता वाढलेलं होतं, कारण सगळेच गाडी मागत होते. तिनं ते पाहिलं आणि मान्य केलं. पण या वेळी तिनं आधी एक काम केलं. बसस्टँडच्या दारासमोर ऑटोंची एवढी दाटी होती की तिथं कोणी गाडीवाला थांबूच शकला नसता. ऑटोवाल्यांनी थांबू दिलंच नसतं. तिनं नकाशावरची खूण सरकवून रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानासमोर आणली. मग गाडी मागितली. चाक फिरत राहिलं. आमचे दोघांचेही डोळे त्या चाकावर होते. शेवटी निकेश नावाचा एक ड्रायव्हर मिळाला.

त्याचाही फोन आलाच. रीनानं या वेळी फोन माझ्यापासून लांब धरला. त्यानंही काहीतरी वरचं मागितलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "अॅपवर दिसते तेच भेटन. कॅन्सल मी करणार नाई. येत असान तर औषधाच्या दुकानापाशी या, मी तिथंच उभी आहो." आणि फोन ठेवला. भाडं वाढलेलं होतं, त्यालाही तो फायद्याचा सौदा होता. नकाशावरची छोटी गाडी आमच्याकडे सरकायला लागली.

आता माझी वेळ होती. मी त्या गर्दीकडे पाहिलं. तिथं जो तो एकटा होता. एकजण एका ऑटोवाल्याशी घासाघीस करत होता, दुसरा दुसऱ्याशी, सगळ्यांना एकाच गेटवर जायचं, आणि सगळे वेगवेगळे लुटले जात होते. अहेरीत असं दृश्य मी दोन मिनिटं पाहू शकत नाही. गाडीत चार सीट होत्या, आम्ही दोघं. उरल्या दोन. मी रीनाला विचारलं, दोघं घेऊ का. या वेळी मी आधी विचारलं, याची नोंद घ्या. ती म्हणाली घ्या, पण परीक्षेचीच माणसं, हॉल तिकीट पाहून घ्या, आणि भाडं सगळ्यांत सारखं वाटायचं हे आताच बोला.

मी तोंडाभोवती हात धरला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात हाक दिली, "वनरक्षक परीक्षा, सीधा गेटवर, दोनच सीट."

हा आवाज सिरोंचाच्या बाजारात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. दहा माना वळल्या. सगळ्यात आधी सिंदेवाहीची एक पोरगी पुढे आली, उर्वशी नावाची, डोळे रडून लाल झालेले. तिच्याकडे एवढं स्पेशल भाडं नव्हतं आणि ती कोणाला ते सांगत नव्हती. तिच्या मागोमाग चष्मा लावलेला एक पोरगा आला, मूल गावचा. मी दोघांचे कागद पाहिले, रस्ता ओलांडून त्यांना दुकानापाशी आणलं. बाकीच्यांनाही सांगितलं की असेच चौघं-चौघं व्हा आणि एक गाडी करा, ऑटो करायचा तर तिघं-तिघं, आणि बसायच्या आधी गेटपर्यंतचा भाव सगळ्यांसमोर बोलून घ्या. दोन टोळ्या माझ्या डोळ्यांदेखत जमल्या. एका ऑटोवाल्यानं माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. पाहू दे.

निकेशची गाडी आली. रीनानं आधी नंबर जुळवला, मग फोटोवरचा चेहरा जुळवला, मग दार उघडलं. ओटीपी आत बसल्यावर सांगीन म्हणाली. उर्वशी बसली, चष्मेवाला बसला. रीना मधे सरकली. मी पुढचं दार उघडलं आणि बसणार, तेवढ्यात मागून कोणीतरी दादा, दादा म्हणत धावत आलं.

तो भामरागडकडचा होता. एसटी वाटेत बंद पडली होती, म्हणून आता उतरत होता. त्याच्या पायात एकच चप्पल होती, दुसरी धावताना कुठंतरी गेली होती, आणि ते त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं. माझ्याशी तो आधी गोंडीतच बोलला, मग सावरून मराठीत. जंगू त्याचं नाव. त्यानं हॉल तिकीट माझ्यासमोर धरलं, जणू तिकीट तपासणारा मीच.

मी निकेशला म्हटलं, एक वाढव, मागे चौघं बसतील, माझ्या गाडीत मी याच्या दुप्पट बसवतो. निकेश म्हणाला, नाही भाऊ. गाडी चारची आहे, पाचवा बसला का चौकात पोलीस धरतील, मग तुमची परीक्षाही तिथंच होईल. तो रागानं बोलला नाही. आणि त्याचं बरोबर होतं. जर पोलिसांनी गाडी कडेला घेतली असती, तर चार माणसांचं नऊचं गेट गेलं असतं.

मी आयुष्यात किती गाड्या भरल्या असतील. सगळ्यात शेवटी जी सीट उरते, ती ड्रायव्हरची. गाडी भरायला आपलीच सीट सोडून उतरायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

मी बाजूला झालो आणि जंगूला पुढे बसवलं.

रीनानं काच खाली केली. "अन् तुमी?"

"मी गाडी भरणारा माणूस आहो," मी म्हटलं. "भरली. जा आता."

तिला काहीतरी बोलायचं होतं. मलाही होतं. मघाच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलेलं नव्हतं, आणि ते द्यायला आता वेळ नव्हता. मी दार नीट लागलं का ते बाहेरून दाबून पाहिलं, जसं माझ्या गाडीचं पाहतो, आणि छतावर दोनदा थाप मारली. निकेशला ती भाषा कळली. गाडी सुटली.

मी औषधाच्या दुकानासमोर उभा राहिलो. बायकोला परगावात अनोळखी गाडीत बसवून मी मागे राहिलो होतो, आणि आमच्याकडच्या कुठल्याही माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. तेवढ्यात फोन वाजला. रीनानं गाडीतून एक लिंक पाठवली होती. उघडली तर नकाशा, आणि नकाशावर तिची गाडी चालताना दिसत होती. खाली नंबर होता, निकेशचं नाव होतं. ती कुठल्या रस्त्यानं चालली, कुठं थांबली, सगळं मला उभ्या जागी दिसत होतं.

सिग्नलला गाडी थांबली की माझा पाय आपोआप दाबला जायचा. बंगाली कॅम्पला ती बराच वेळ अडकली. मी मनात निकेशला शिव्या घातल्या, मग परत घेतल्या, कारण तो काय उडत जाणार होता? मग गाडी सुटली आणि मूल रोडवर सरळ पळायला लागली. घरं संपली, नकाशा हिरवा झाला. औषधवाला दुकानातून विचारत होता काय झालं भाऊ. मी त्याला हातानंच थांबवलं.

गाडी गेटसमोर थांबली आणि स्क्रीनवर अक्षरं आली की प्रवास पूर्ण झाला. घड्याळात नऊ वाजायला थोडीच मिनिटं बाकी होती. प्रवास पूर्ण झाला, पण ती आत गेली का? ते नकाशा सांगत नव्हता. मी फोन लावला नाही. ती धावत असेल तर माझ्या फोनसाठी थांबायला नको.

तिचाच आला. मागे गलका होता, कोणीतरी रांग करा, रांग करा म्हणून ओरडत होतं.

"आलो आमी चौघंबी. गेट चालूच आहे, फोन ठेवला का लाईनीत लागतो," ती धापा टाकत म्हणाली. "समोरच्या टपरीवर फोन ठेवून राह्यलो, आतमंधी नेऊ देत नाई."

मी म्हटलं ठीक आहे, शांत डोक्यानं लिहिजो. खरं म्हणजे तिथं काही लिहायचं नव्हतं, कॉम्प्युटरवर दाबायचं होतं.

ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "तो जंगू गाडीत इचारत होता, तो दादा कोण होता म्हणून. म्या सांगितलं, माहा नवरा होय. आमी चौघंबी पोहोचावं म्हणून उतरला."

आणि फोन बंद झाला. मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. औषधवाल्यानं पुन्हा विचारलं, काय झालं भाऊ, कोणी आजारी आहे का? मी डोळे पुसले आणि त्याला सांगितलं की माझी बायको वेळेत पोहोचली.